चुन्याच्या गिलाव्याची निविदा: दर तीन, कामेही तीन

‘दर्शनी भिंतीच्या चुन्याच्या गिलाव्याची दुरुस्ती करणे – १ काम.’ जुन्या मंदिराचे विश्वस्त असोत की वाड्याचे मालक, दर मागवताना बहुतेक ठिकाणी एवढी एकच ओळ लिहिली जाते. फार तर पुढे ‘पारंपरिक पद्धतीने, उत्तम दर्जाचे’ असे जोडतात. मग तीन लिफाफे येतात. समजा, एकात दोन लाख, दुसऱ्यात साडेचार आणि तिसऱ्यात आठ लाखांचा आकडा आहे. बैठकीत आठवाला लुटारू ठरतो, साडेचारवाल्याला घासाघीस करायला बोलावतात आणि काम दोनवाल्याला मिळते.

खरे तर इथे कोणीच लुटारू नसतो, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिलेले असतात. पहिल्याने रस्त्यावरून भिंत पाहिली, जिथे गिलावा पडलेला दिसला तेवढेच तुकडे धरले आणि दुकानातल्या पिशवीतल्या चुन्यात थोडे सिमेंट मिसळायचे मनाशी ठरवले. दुसऱ्याने सगळा गिलावा खरवडून नवा करायचा हिशेब केला. तिसऱ्याने कळीचा चुना आणून तो विरवण्याचे, दोन थरांमध्ये थांबण्याचे आणि तेवढे दिवस परांची उभी ठेवण्याचे पैसे धरले. निविदेतल्या ओळीत ही तिन्ही कामे बसतात. त्यामुळे सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी काम धरणाऱ्याचा दर, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

सिमेंटच्या गिलाव्यात हा घोटाळा फारसा होत नाही. पन्नास किलोची गोणी, एकास चार प्रमाण, बारा किंवा वीस मिलिमीटर जाडी, सात दिवस पाणी मारणे हे कंत्राटदारापासून बिगाऱ्यापर्यंत सर्वांना पाठ असते. निविदेत ते अर्धवट लिहिले तरी उरलेले सगळे जण सारखेच समजून घेतात. चुन्याचेही पूर्वी असेच होते. गावात चुन्याची भट्टी होती, बैलाने फिरणारी घाणी होती आणि ‘गिलावा’ म्हटले की गवंड्याला पुढचे सांगावे लागत नसे. भट्ट्या विझल्या, घाण्यांचे दगड बागेत शोभेला गेले आणि ती समजूतही गेली. म्हणून आज चुन्याच्या निविदेत जे लिहिलेले नाही ते प्रत्येक जण आपापल्या सोयीने भरून काढतो. ‘दरसूचीप्रमाणे’ असे लिहूनही भागत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत गिलाव्याच्या तुकडेदुरुस्तीची जी नेहमी वापरली जाणारी बाब आहे, ती सिमेंटच्या गिलाव्याची आहे.

तेव्हा निविदा लिहिणाऱ्याचे पहिले काम भिंतीपाशी आहे, टेबलापाशी नाही. भिंत वाजवून पाहायची. बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने हलके ठोकत गेले की घट्ट गिलावा भरीव आवाज देतो आणि भिंतीपासून सुटलेला पोकळ. पोकळ भागाची कड खडूने आखायची, भिंतीचा सरळ समोरून फोटो काढायचा आणि त्यावर हे सगळे उतरवायचे. भिंतीचे तीन भाग पडतात: घट्ट गिलावा, त्याला हात लावायचा नाही, पोकळ झालेला पण कडेने धरून असलेला, त्याच्यामागे पातळ चुना पिचकारीने भरून तो पुन्हा चिकटवता येतो, आणि भुगा झालेला किंवा गळून गेलेला, तो नवा करायचा. मधला भाग निविदेत वेगळा दाखवला नाही तर तो हमखास तिसऱ्यात जातो, कारण गिलावा चिकटवण्यापेक्षा पाडणे सोपे आणि नव्याचे बिल मोठे. पाडलेला गिलावा परत येत नाही. गोव्यातल्या बाँ जेझू बासिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला गेला. आतला जांभा तेव्हापासून उघडा पडून पाऊस खातो आहे. म्हणून ‘गिलावा काढणे’ ही स्वतंत्र बाब असावी आणि खडूने आखलेल्या कडेबाहेर लेखी परवानगीशिवाय एक चौरस फूटही काढायचा नाही, हे तिच्यातच लिहिलेले असावे. परवानगीशिवाय जास्त काढले तर ते भरून देण्याचे पैसे मिळणार नाहीत, हेही.

आता आकडे घेऊ. दोनशे चौरस मीटरची एक भिंत धरा. वाजवून पाहिल्यावर त्यातली ११० चौरस मीटर घट्ट निघाली, ३० पोकळ पण धरून असलेली आणि ६० नव्याने करायची. या साठातही फरक आहे. समजा ४२ चौरस मीटर सलग, मोठ्या पट्ट्यांत आहे आणि उरलेली १८ चाळीस छोट्या तुकड्यांत विखुरली आहे. सलग पट्ट्यात गवंड्याचा हात चालतो, रंधा फिरतो. छोट्या तुकड्यात निम्मा वेळ जुन्या गिलाव्याची कड कापण्यात, ती ओली करण्यात आणि नव्याची पातळी जुन्याशी जुळवण्यात जातो, परांचीवर जागा बदलावी लागते ती वेगळीच. चौरस मीटरमागे छोट्या तुकड्याला मजुरी दुपटीच्या जवळपास लागली तरी नवल नाही. दोन्हींना एकच दर मागितला तर प्रत्येक कंत्राटदार मनातल्या मनात वेगळी सरासरी काढतो आणि तिथेच तुलना बिघडते. वर सांगितलेल्या दरसूचीतही तुकडेदुरुस्तीची बाब अडीच चौरस मीटरपर्यंतच्या तुकड्यांसाठी आहे. हीच सीमा चुन्याच्या निविदेत घ्यायला हरकत नाही. भेगा रनिंग मीटरमध्ये मोजाव्यात. खिडक्या-दारांची वजावट कशी करायची याची भांडणे अंतिम बिलाच्या वेळी होतात, म्हणून मोजमाप आयएस १२००च्या बाराव्या भागाप्रमाणे होईल, हे वाक्य निविदेतच हवे. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्यांची वजावट होत नाही आणि तीन चौरस मीटरपेक्षा मोठ्या दारांची पूर्ण होते, हे वाड्याच्या मालकालाही ठाऊक असलेले बरे.

यानंतर चुना. ‘चुना एकास वाळू तीन’ असे लिहिले की नेमके लिहिल्यासारखे वाटते, पण हे प्रमाण कोणत्या चुन्याचे? शुद्ध कळीचा चुना पाण्यात विरला की फुगून साधारण दुप्पट होतो. एका कंत्राटदाराने एक घमेले कळीचा चुना मोजला आणि दुसऱ्याने एक घमेले विरवलेला, लोण्यासारखा चुना मोजला, तर दोघांनीही ‘एकास तीन’ पाळूनही एकाच्या गिलाव्यात चुना दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. वाळूचेही तसेच. दमट वाळू कोरडीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त जागा व्यापते. म्हणून वाक्य असे हवे: प्रमाण घनफळाने, चुना विरवून गाळलेला आणि लोण्यासारखा घट्ट, वाळू कोरडी, मोजणी ठरावीक मापाच्या लाकडी खोक्याने. घमेल्याने मोजणे बंद. खोके करायला सुताराचा अर्धा दिवसही लागत नाही.

मुळात एकास तीनच का, हा प्रश्न त्याआधीचा. जुन्या गिलाव्याचा हाताएवढा तुकडा प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू उरते. ती वजन करून चाळली की जुन्या गवंड्याने कसले प्रमाण आणि केवढी वाळू वापरली होती ते बऱ्यापैकी कळते. देशावर, जिथे वाळू काळ्या पाषाणाची आहे, तिथे हे नीट चालते. कोकणात आणि गोव्यात चुना शिंपल्यांचा भाजत आणि वाळूतही शिंपल्यांचा चुरा असे. तो आम्लात विरघळतो आणि चुना होता त्यापेक्षा जास्त असल्याचा आभास होतो. तिथे भिंगाखाली पाहणारा जाणकार हवा. ही तपासणी निविदेआधी मालकाने करायची. कंत्राटदारावर सोडली तर प्रत्येक जण आपल्याला परवडेल ते प्रमाण ‘मूळचे’ म्हणून सांगतो.

चुन्याची जात सांगायला आयएस ७१२ हे मानक आहे. त्यात चुन्याचे ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत वर्ग आहेत. ‘ए’ वर्गातला चुना पाण्याच्या संगतीतही घट्ट होतो. ‘सी’ वर्गातला शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, म्हणून पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर त्याच्या जोडीला विटांची सुरखी लागते. निविदेत वर्ग लिहायचा आणि सुरखीचे प्रमाणही लिहायचे. सुरखी नीट भाजलेल्या विटांची, चाळलेली. पाडलेल्या भिंतीचा राडारोडा कुटून केलेली नव्हे.

मग येतो चुना मुरवण्याचा काळ. विरवताना काही खडे आतून कच्चे राहतात. ते गिलाव्यात गेले तर काही महिन्यांनी भिंतीतच विरतात, फुगतात आणि वरचा थर उडवून देतात. भिंतीवर वाटाण्याएवढे शंकूच्या आकाराचे खड्डे आणि प्रत्येकाच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर कारण हेच. तोवर कंत्राटदार अंतिम बिल घेऊन गेलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे चुना बारीक जाळीतून गाळणे आणि निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवणे. मी तरी निविदेत तीस दिवस लिहीन. आणि ते पाळले जावेत म्हणून प्रत्येक टाकीवर विरवल्याची तारीख रंगवायची, त्या दिवशी देखरेख करणाऱ्याने सही करायची, टाकीची नोंद झाल्याशिवाय त्या चुन्याचे मोजमाप पुस्तिकेत चढवायचे नाही. नुसते ‘चुना मुरवलेला असावा’ म्हटले तर मुरवण्याचा खर्च धरणारा प्रामाणिक माणूस दरात मागे पडतो.

हिरडा, बेलफळ, गूळ, ताग यांचीही एक गोष्ट सांगून टाकतो. अनेक निविदांत ‘गूळ, हिरडा वगैरे पारंपरिक द्रव्ये घालून’ असे लिहिलेले असते. या ‘वगैरे’ची किंमत सगळे कंत्राटदार शून्य धरतात आणि देखरेख करणारा आला की पिंपात गुळाचा एक खडा टाकून दाखवतात. द्रव्ये हवी असतील तर चाचणी करून किती लिटर पाण्यात किती किलो, किती दिवस भिजवून, ते लिहावे. नाहीतर ती ओळ काढून टाकावी.

सिमेंटबद्दल मात्र निविदेत शंकेला जागाच नको. सिमेंट घालायचा मोह वेळेमुळे होतो: संध्याकाळपर्यंत थर कडक होतो, दुसऱ्या दिवशी वरचा थर मारता येतो, आठवड्यात परांची सोडता येते. पण मऊ विटेवर तो थर जास्त कडक आणि दाट पडतो, भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट अडते, लोणा गिलाव्याच्या मागे साचतो आणि काही पावसाळ्यांनी गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतो. फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून सिमेंट पकडता येते असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ताजा चुना आणि सिमेंट दोघेही ते गुलाबी करतात. करड्या रंगावरून, दुसऱ्याच दिवशी नखाने ओरखडा न उठण्यावरून शंका येते, खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून निविदेत दोन गोष्टी हव्यात: कामाच्या आवारात सिमेंटची गोणी ठेवता येणार नाही आणि कोणत्याही थराचा नमुना मालक केव्हाही तपासायला पाठवील, सिमेंट निघाले तर तो पट्टा काढून पुन्हा करण्याचा खर्च कंत्राटदाराचा. हे आधी वाचलेला माणूस दर तसाच भरतो.

जाडीच्या बाबतीतही जुनी भिंत सरळ नसते हे मान्य करून लिहावे लागते. कुठे वीट झिजून चार सेंटिमीटर आत गेलेली असते. सरासरी वीस मिलिमीटर लिहिले आणि त्याहून खोल खड्ड्यांचे काही म्हटले नाही, तर सावध कंत्राटदार दर फुगवतो आणि बेसावध कंत्राटदार नुकसान चुन्यातून भरून काढतो. वीस मिलिमीटरपर्यंतचा दर एक आणि त्यापुढच्या प्रत्येक दहा मिलिमीटरला वाढीव दर दुसरा, असे मागावे. एकेका थराची जाडी दहा-बारा मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर तो वाळताना फाटतो. पुढचा थर केव्हा, याचे उत्तर दिवसांत देण्यापेक्षा खुणेत द्यावे: अंगठा दाबला तर खळगा पडू नये, नख ओढले तर ओरखडा उठावा. पावसाळी हवेत त्याला दहा दिवस लागतील, कोरड्यात सहा. मधल्या काळात भिंत ओल्या गोणपाटाने झाकून दमट ठेवायची. सिमेंटसारखे नळीने धो धो पाणी मारणे इथे चालत नाही. पाण्याने भरलेल्या छिद्रांतून हवा आत शिरत नाही आणि हवेशिवाय हा चुना घट्ट होत नाही. अखेरचा नीरूचा हात किंवा चुन्याची सफेदी हवी की नको, किती हात, तेही वेगळ्या बाबीत.

हे सगळे वेळ खाते आणि वेळेचे पैसे परांचीत असतात. म्हणून परांचीची बाब वेगळी, तिच्यात किती आठवडे धरलेत ते छापलेले, आणि मालकाच्या कारणाने जास्त थांबावे लागले तर आठवड्याचा दर किती, तो रकाना रिकामा ठेवून कंत्राटदाराकडून भरून घ्यायचा. कामाचा कालावधी सर्वांना एकच द्यायचा.

शब्दांनी सांगून जे उरते ते भिंतीवर दाखवावे. निविदा काढण्याआधीच मालकाने जाणकार गवंड्याकडून एक मीटर बाय एक मीटरचा नमुना भिंतीच्या एका कोपऱ्यात करून घ्यावा आणि वाळू द्यावा. त्याची एक कड पायरीपायरीने उघडी ठेवली की खाचा केलेले सांधे, पहिला थर, दुसरा थर, नीरू हे सगळे ओळीने दिसते. दर भरणाऱ्या सर्वांना एकाच दिवशी, एकत्र तिथे बोलवायचे. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर लेखी, आणि ते सर्वांना. जे आले नाहीत त्यांची निविदा उघडायची नाही. पुढे काम स्वीकारताना वाद झाला तर हा नमुनाच पंच.

राहिला निविदेचा साचा. महाराष्ट्रात सरकारी कामांना बी-१ आणि बी-२ असे दोन नमुने रूढ आहेत. बी-१मध्ये खात्याच्या अंदाजपत्रकावर ‘इतके टक्के कमी’ किंवा ‘जास्त’ एवढेच भरायचे असते. बी-२मध्ये प्रत्येक बाबीचा दर. चुन्याच्या दुरुस्तीला बी-१ घेतला की पंधरा टक्के कमी भरणाऱ्याने नेमके कुठे कमी केले ते कधीच कळत नाही. खासगी मालकानेही बी-२सारखाच बाबवार तक्ता द्यावा आणि त्यात खाडाखोड चालणार नाही, पर्यायी सूचना वेगळ्या कागदावर, असे सांगावे.

बाबवार दर आले तरी बेरीज पाहून थांबू नये. मघाची भिंत घेऊ, दर उदाहरणापुरते. पहिला कंत्राटदार सलग नव्या गिलाव्याला १,५०० रुपये, छोट्या तुकड्यांना २,६००, पिचकारीने चिकटवण्याला ९०० आणि परांचीला २५० रुपये चौरस मीटर भरतो. ४२, १८, ३० आणि २०० चौरस मीटरला त्याची बेरीज १,८६,८०० होते. दुसरा अनुक्रमे १,२००, २,२००, १,५०० आणि २५० भरतो, त्याची १,८५,०००. अठराशे रुपयांनी दुसरा स्वस्त. पण परांचीवर चढून वरचा भाग वाजवल्यावर पोकळ गिलावा ३०चा ५० चौरस मीटर निघाला, तर पहिल्याचे बिल २,०४,८०० होते आणि दुसऱ्याचे २,१५,०००. दुसऱ्याने भिंत नीट पाहिली होती, कोणती बाब वाढणार हे त्याने ओळखले आणि तिथे दर चढवून बाकीचे उतरवले. यात बेकायदा काही नाही. त्यावर उपाय असा की लिफाफे उघडण्याआधी, वाढू शकणाऱ्या बाबी वीस-तीस टक्क्यांनी वाढवलेला दुसरा तक्ता मालकाने तयार ठेवायचा, दोन्ही तक्त्यांवर बेरीज करून तुलना होईल हे निविदेत आधी सांगायचे आणि फारच खाली भरलेल्या दराचे पृथक्करण मागायचे. तीस दिवस मुरवलेल्या चुन्याचा दर पिशवीतल्या चुन्याएवढा कसा, याचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याने तो चुना धरलेलाच नाही.

वर्षाचा क्रम असा लावा. पावसाळ्यात ओल कुठून येते ते पाहा आणि पन्हळी-कौलांची दुरुस्ती आधी उरका, कारण गळणाऱ्या छपराखाली कोणताच गिलावा टिकत नाही. पाऊस थांबला की भिंत वाजवून फोटोवर उतरवा, तुकडा तपासायला द्या, ऑक्टोबरात नमुना करा, नोव्हेंबरात दर मागवा. ज्याला काम मिळेल त्याचा चुना डिसेंबरभर टाकीत मुरेल आणि जानेवारी ते मार्च गिलावा चढेल. मार्चमध्ये, उद्घाटनाची तारीख ठरवून मग निविदा काढली, तर यातले काहीही पाळता येणार नाही. तेव्हा ती पुढच्या वर्षावर ढकला.